कुठे, कधी आणि मगच कोण

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचं एक छोटं गाव आहे. ब्रिटनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा पक्ष्यांचा साठा तिथे ठेवला आहे. खणांमध्ये कापूस भरून टिकवलेले लाखो पक्षी ओळीने झोपवलेले असतात आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी मिळवला आणि त्याचं नाव काय, एवढाच मजकूर त्या चिठ्ठीवर असतो. या साठ्यात आपल्या सातपुड्यातला रानपिंगळाही आहे. त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवर गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीचं नाव होतं, साल १९१४ होतं आणि मिळवणारा म्हणून कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांचं नाव होतं.

ती चिठ्ठी खोटी होती. माइनर्टझहागेन हे त्या काळातले नावाजलेले ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ. संग्रहालयांतून पक्षी चोरायचे आणि त्यांना स्वतःच्या नावाची, मनाने रचलेल्या ठिकाणांची व तारखांची चिठ्ठी बांधायची, हा उद्योग त्यांनी अनेक वर्षं केला. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी या रानपिंगळ्याची बारकाईने तपासणी केली. एक्स-रे काढले, आतला भराव पाहिला, शिवण पाहिली. जुनी शिवण उसवून पक्षी नव्याने भरल्याच्या खुणा निघाल्या. तो मुळात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं.

चिठ्ठी खोटी निघाल्याने दोन गोष्टी एकदम बदलल्या. रानपिंगळा १९१४ पर्यंत दिसत होता, हा समज गेला. खरी शेवटची नोंद १८८४ ची ठरली. आणि मांडवीच्या आसपास शोधण्याचं कारण उरलं नाही. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं १९९७ साली भारतात आले, तेव्हा त्यांनी मांडवी सोडून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. त्यांनी त्याचं चित्रण केलं, आणि हरवलेला पक्षी पुन्हा खात्रीने नोंदीत आला.

आज प्रत्येक पक्षीनिरीक्षकाच्या खिशात व्हिडिओ कॅमेरा आहे. पक्षी मारून भरून ठेवण्याची गरज उरलेली नाही, क्लिप हाच आता पुरावा आहे. पण क्लिपच्या पायाला चिठ्ठी आपोआप बांधली जात नाही. ‘मेटाडेटा’ म्हणतात तो हाच मजकूर: क्लिपबरोबर जाणारी, क्लिपबद्दलची माहिती. पक्ष्याचं प्रचलित नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, ठिकाण, दिसल्याची वेळ. यात नावाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. चुकीचं नाव टाकलं तर दहा जण धावून येतात, दुरुस्त करतात. ठिकाण आणि वेळ यांच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. नाव चुकलं तर क्लिप पुन्हा पाहून ते सुधारता येतं, पन्नास वर्षांनीसुद्धा, कारण पक्षी क्लिपमध्ये आहेच. ठिकाण आणि वेळ चुकली किंवा लिहायचीच राहिली, तर ती पुन्हा कुठून काढणार? चित्रात ती नसतात. असलीच तर फार थोडी, खुणांच्या रूपाने.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा, मेळघाटात सेमाडोहच्या बाजूला फेब्रुवारीतल्या एका सकाळी एक छोटं घुबड दिसलं. उघड्या फांदीवर, उन्हात बसलेलं. कॅमेऱ्यातून अठ्ठेचाळीस सेकंदांची क्लिप घेतली आणि फाईलचं नाव आलं `MVI_0417.MP4`. या क्लिपला पुढची पन्नास वर्षं उपयोगी पडेल अशी चिठ्ठी कशी बांधायची?

आधी वेळ. फाईलच्या पोटात वेळ असते, पण ती एकच नसते. संगणकावर फाईलसमोर दिसणारी तारीख बहुतेकदा फाईल शेवटची बदलल्याची किंवा कॉपी केल्याची असते. चित्रणाची वेळ फाईलच्या आत वेगळ्या कप्प्यात असते. ती पाहायला एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्याला हे विचारायचं:

```
exiftool -G1 -a -time:all MVI_0417.MP4
```

उत्तरातल्या दोन ओळी अशा असतील:

```
[System]    File Modification Date/Time : 2024:02:19 21:06:33+05:30
[QuickTime] Create Date                 : 2024:02:12 02:12:08
```

पहिली ओळ सांगते की १९ फेब्रुवारीच्या रात्री फाईल कॉपी झाली. तिचा घुबडाशी काही संबंध नाही. दुसरी ओळ चित्रणाची. पण तिच्यात पहाटेचे दोन वाजून बारा मिनिटं दिसताहेत, आणि क्लिपमध्ये तर स्वच्छ ऊन आहे. घोटाळा कॅमेऱ्यात नाही. या प्रकारच्या फाईलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी असा नियम आहे. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे खरी वेळ सकाळी ७ वाजून ४२ मिनिटं. फेब्रुवारीच्या मध्यात मेळघाटात सूर्य साधारण सातच्या थोडा आधी उगवतो, तेव्हा कोवळं ऊन आणि ७.४२ यांचा मेळ बसतो.

अडचण अशी की सगळे कॅमेरे हा नियम पाळत नाहीत. फोन बहुधा पाळतात. अनेक कॅमेरे मात्र त्याच कप्प्यात सरळ स्थानिक वेळ लिहून मोकळे होतात, आणि कोणती वेळ लिहिली हे फाईल सांगत नाही. आपल्या कॅमेऱ्याची सवय एकदाच तपासून ठेवावी: घड्याळ बघून पाच सेकंद काहीही चित्रित करायचं आणि एक्झिफटूल काय दाखवतो ते पाहायचं. साडेपाच तासांचा फरक आला तर जागतिक वेळ, नाही आला तर स्थानिक. दिवसाच्या पक्ष्याच्या बाबतीत ही चूक उन्हावरून पकडता येते. रातव्याच्या बाबतीत नाही. १२ फेब्रुवारीच्या पहाटे ४.५० ला घेतलेली क्लिप जागतिक वेळेत ११ फेब्रुवारीची रात्री ११.२० होते. दोन्ही वेळा अंधारच, दोन्ही वेळा रातवा ओरडू शकतो, आणि तारीखही गुपचूप एक दिवस मागे सरकते. अशी चूक क्लिप पाहून कोणालाही कळणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागतं, कॅमेऱ्याचं लागत नाही. ते महिन्यागणिक पुढेमागे होतं आणि बॅटरी पूर्ण उतरली तर पार मूळ तारखेवर जातं. एखाद्या फाईलची तारीख १ जानेवारी १९०४ दिसली तर समजावं की वेळेच्या कप्प्यात शून्य आहे. या फाईलींची कालगणना त्या दिवसापासून सुरू होते. यावर साधा उपाय आहे. फेरीच्या सुरुवातीला फोनवरचं सेकंदासकट घड्याळ कॅमेऱ्याने दोन सेकंद चित्रित करून ठेवायचं. घरी आल्यावर दोन्ही वेळांतला फरक काढला की त्या दिवसाच्या सगळ्या क्लिपना तोच फरक लागू होतो.

वेळ लिहिताना ०३/०४/२०२४ असं लिहू नये. आपण ३ एप्रिल वाचतो, अमेरिकेतला अभ्यासक ४ मार्च वाचतो. जगभरच्या जैवविविधता नोंदींमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग वेळ आणि शेवटी प्रमाणवेळेपासूनचा फरक लिहितात: `2024-02-12T07:42+05:30`. आमच्या घुबडाची वेळ ही. शेजारी एक वाक्य शब्दांत हवं: पक्षी साधारण वीस मिनिटं त्याच फांदीवर होता, क्लिप त्यातल्या अठ्ठेचाळीस सेकंदांची. क्लिपची लांबी म्हणजे पक्षी दिसल्याचा काळ नव्हे, आणि वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याला दुसरा आकडा जास्त लागतो.

आता ठिकाण. फोनने चित्रण केलं आणि लोकेशन चालू असलं तर अक्षांश-रेखांश फाईलमध्येच जातात. कॅमेऱ्यात बहुधा ती सोय नसते, तेव्हा त्या जागी उभं असतानाच फोनवर खूण करून ठेवावी. अक्षांश-रेखांश दशांशात लिहितात आणि दशांशानंतरच्या आकड्यांना अर्थ असतो. चार आकडे म्हणजे सुमारे अकरा मीटरपर्यंतची नेमकी जागा. दोन आकडे म्हणजे किलोमीटरभराचा अंदाज. एक आकडा म्हणजे अकरा किलोमीटर. नकाशावर अंदाजाने बोट ठेवून सहा दशांश आकडे उतरवणं ही खोटी नेमकी माहिती झाली. म्हणून आकड्यांबरोबर चुकीची मर्यादाही लिहावी: ‘पाचशे मीटरच्या आत’. तीही अंदाजानेच लिहायची, पण प्रामाणिक अंदाजाने.

गावाचं नाव, तालुका, जिल्हा हेही लिहावं, कारण आकडा टाइप करताना एक अंक चुकला तर ते नावच चूक दाखवून देतं. पण नुसत्या नावावर विसंबू नये. शहाद्याचंच पाहा. डेव्हिडसनच्या काळी तो भाग खानदेश होता. पुढे तो पश्चिम खानदेशात गेला, मग धुळे जिल्ह्यात. १९९७ मध्ये रानपिंगळा पुन्हा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. एकाच टेकडीच्या नोंदी चार जिल्हानावांनी सापडतात. अक्षांश-रेखांश मात्र सरकारी राजपत्राने हलत नाहीत.

ठिकाणाबाबत एक खरा पेच आहे. रानपिंगळा संकटग्रस्त आहे. सागाच्या किंवा दुसऱ्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो, दिवसा वावरतो, फार लाजत नाही. त्याच्या घरट्याची अकरा मीटरपर्यंतची जागा जाहीर केली, तर पुढच्या रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे राहतील आणि मोबाईलवर त्याच्याच आवाजाची रेकॉर्डिंग वाजवली जातील. त्यामुळे दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात. स्वतःच्या नोंदीत आणि वनविभागाला दिलेल्या माहितीत ठिकाण पूर्ण नेमकं. जाहीर चिठ्ठीत ढोबळ: ‘सेमाडोह परिसर, मेळघाट, अमरावती जिल्हा’, आणि अक्षांश-रेखांश एका दशांशापर्यंत. शिवाय ‘ठिकाण मुद्दाम ढोबळ ठेवलं आहे’ हे स्पष्ट लिहायचं. आयनॅचरलिस्टसारखं संकेतस्थळ संकटग्रस्त जातींसाठी हेच करतं. नेमक्या बिंदूऐवजी सुमारे वीस-बावीस किलोमीटर बाजूच्या चौकोनातला एक यादृच्छिक बिंदू जगाला दाखवतं. ढोबळ ठिकाण आणि खोटं ठिकाण यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गर्दी टाळायला म्हणून मुद्दाम भलत्याच जंगलाचं नाव टाकणारे लोक असतात. हेतू चांगला असला तरी मांडवीची चिठ्ठी दुसऱ्यांदा लिहिल्यासारखंच आहे ते.

इथे मूळ फाईलची काळजी घ्यावी लागते. वर्णनात ढोबळ ठिकाण लिहिलं आणि फोनची मूळ फाईल कोणाला पाठवली, तर नेमकी जागा फाईलच्या पोटातून बाहेर येते. पाठवायची प्रत वेगळी बनवावी. एफएफएमपेग या प्रोग्रामने चित्राला धक्का न लावता आतली माहिती पुसता येते:

```
ffmpeg -i mool.mp4 -map_metadata -1 -c copy jahir.mp4
```

हा आदेश तारीखही पुसतो, त्यामुळे मूळ फाईल जपलेली हवी आणि तारीख वर्णनात लिहिलेली हवी. पुसून झाल्यावर नवी फाईल पुन्हा एक्झिफटूलने पाहावी. काही फोन जागेची माहिती एकाहून जास्त ठिकाणी लिहितात. याची उलटी बाजू व्हॉट्सअ‍ॅपची. नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप तिथे दाबून लहान होते आणि चित्रणाची मूळ वेळ, जागा दोन्ही गळून जातात. उरते ती फॉरवर्डची तारीख. ग्रुपवर ‘हा पक्षी कोणता?’ म्हणून आलेली कित्येक चांगली चित्रणं नाव मिळूनही नोंद म्हणून वाया जातात ती यामुळे.

अधिवासाच्या रकान्यात बहुतेक जण एक शब्द लिहितात: जंगल. मेळघाटातल्या क्लिपला ‘जंगल’ लिहून वाचणाऱ्याला काय मिळालं? अधिवास लिहायचा तो दोन अंतरांवरून. लांबून पाहिलं तर काय होतं: सागाचं विरळ पानगळी जंगल, बरीचशी पानं गळलेली, मधे गवताचे मोकळे तुकडे, शंभरेक मीटरवर गुरं चरत होती. आणि जवळून पाहिलं तर काय होतं: पक्षी सागाच्या सुक्या फांदीवर, जमिनीपासून साधारण सहा मीटरवर, तोंड उन्हाकडे, नजर खाली गवतात. यातलं जे खरंच पाहिलं तेच लिहावं. झाड ओळखता येत नसेल तर ‘मोठ्या पानांचं झाड, नाव माहीत नाही’ पुरेसं आहे. पुस्तकात रानपिंगळा सागाच्या जंगलात राहतो असं वाचलं म्हणून अंजनाच्या झाडाला साग करू नये. तसं केलं तर पुस्तकातलीच गोष्ट पुन्हा पुस्तकाला पुरवल्यासारखं होतं, आणि पक्षी नव्या अधिवासात जातोय का हे कधीच कळणार नाही. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडला, तेव्हा अभ्यासकांना धक्का बसला तो यासाठीच. सातपुड्यापासून इतक्या दूर, मुंबईच्या जवळ, तो कोणाच्या अपेक्षेत नव्हता.

अधिवासाच्या तपशिलाचा आणखी एक उपयोग होतो. तो वेळ आणि ठिकाण यांची साक्ष देतो. मागे पळस पेटलेला दिसत असेल आणि तारीख ऑगस्टची लिहिली असेल, तर तारीख चुकली आहे. सागाला पांढुरक्या फुलांचे तुरे असतील आणि तारीख फेब्रुवारीची असेल, तरीही. म्हणून क्लिपच्या शेवटी पक्ष्यावरून कॅमेरा काढून आजूबाजूचा परिसर पाच-सात सेकंद सावकाश फिरवून घ्यावा. सुंदर दिसण्यासाठी तो भाग कापून टाकतात. मूळ प्रतीत तो राहू द्यावा.

नावांकडे शेवटी आलो, कारण आता हातात पुरावे आहेत. प्रचलित नाव लोकांसाठी असतं. शोधणारा माणूस ‘रानपिंगळा’ लिहील, ‘रान पिंगळा’ लिहील, ‘वनपिंगळा’ लिहील किंवा इंग्रजीत `Forest Owlet` लिहील. ही सगळी रूपं वर्णनात असावीत, त्या भागातले लोक वापरतात ते नावही असावं, आणि ते कुठलं हे लिहावं. पण प्रचलित नावावर ओळख टांगता येत नाही. गावाजवळ राहणारा साधा पिंगळा, त्याहून रानात राहणारा जंगली पिंगळा आणि हा रानपिंगळा, तिन्ही लहान घुबडं. बोलण्यात जंगली पिंगळ्यालाही रानातला म्हणून सर्रास रानपिंगळा म्हटलं जातं. शास्त्रीय नाव लिहिलं की ही सरमिसळ थांबते: साधा पिंगळा `Athene brama`, जंगली पिंगळा `Glaucidium radiatum`, रानपिंगळा `Athene blewitti`. पहिला शब्द प्रजातीगटाचा, त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत. दुसरा जातीचा, तो पूर्ण लहान लिपीत, माणसाच्या नावावरून आला असला तरी.

शास्त्रीय नावही अचल नसतं. ब्लेविट नावाच्या माणसाला १८७२ मध्ये हा पक्षी आजच्या छत्तीसगडात मिळाला, आणि अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला `Heteroglaux blewitti` नाव दिलं. हेटेरोग्लॉक्स हा गट त्या एकट्या पक्ष्यासाठी केलेला होता. पुढे काही तज्ज्ञांनी त्याला साध्या पिंगळ्याच्या अथीनी गटात घातलं, काहींनी वेगळाच ठेवला. जनुकीय अभ्यासातून २०१८ मध्ये तो अथीनी गटाचाच असल्याला बळ मिळालं. म्हणून आजचं नाव लिहावं, जुनं नाव शेजारी ठेवावं आणि कोणती यादी वापरली ते लिहावं. ई-बर्डची यादी दर वर्षी सुधारली जाते. ‘ई-बर्डच्या २०२३ च्या यादीप्रमाणे’ एवढा उल्लेख पुढच्या माणसाचा बराच वेळ वाचवतो.

ओळख पटली कशावरून, हे मात्र सगळ्यात कमी जण लिहितात. आमच्या क्लिपमध्ये चौदाव्या सेकंदाला घुबडाने मान वळवली: डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. एकविसाव्या सेकंदाला छाती समोर आली: वर तपकिरी, कुशीला आडवे पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. जंगली पिंगळा असता तर डोक्यापासून छातीपर्यंत बारीक आडव्या रेघा दिसल्या असत्या. सदतिसाव्या सेकंदाला तो उडाला तेव्हा शेपटीवरचे रुंद पांढरे पट्टे दिसले. सेकंदासकट हे लिहिलं की तपासणाऱ्याला अठ्ठेचाळीस सेकंद दहा वेळा पाहावी लागत नाहीत. आणि ही लक्षणं दिसलीच नाहीत, घुबड पाठमोरं आणि अंधूक असेल, तर `Athene sp.` लिहून थांबावं. म्हणजे गट कळला, जात नाही. त्यात कमीपणा नाही. दुर्मीळ पक्ष्याचं नाव टाकायचा मोह मोठा असतो, आणि खात्री नसलेलं नाव एकदा नकाशावर बिंदू होऊन बसलं की लोक त्या बिंदूवर विश्वास ठेवतात.

आता चिठ्ठी पूर्ण होते. रकान्यांना जगभर वापरली जाणारी नावं द्यावीत म्हणजे दुसऱ्या संग्रहात ती सरळ जातात. डार्विन कोअर नावाच्या मानकात ती ठरलेली आहेत. त्यातली हवी तेवढीच घेऊन साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहावं आणि ती क्लिपच्या शेजारी, त्याच नावाने ठेवावी:

```
vernacularName: रानपिंगळा, वनपिंगळा, Forest Owlet
scientificName: Athene blewitti
eventDate: 2024-02-12T07:42+05:30
locality: सेमाडोह परिसर, मेळघाट, जि. अमरावती
decimalLatitude: 21.5
decimalLongitude: 77.3
dataGeneralizations: ठिकाण मुद्दाम ढोबळ
habitat: विरळ सागाचं पानगळी जंगल, सुक्या फांदीवर, सु. ६ मी.
individualCount: 1
occurrenceRemarks: मूळ फाईल MVI_0417.MP4; आवाज वाजवून बोलावलं नाही
```

शेवटचं वाक्य मी प्रत्येक चिठ्ठीत घालावं म्हणेन. आवाज वाजवून पक्षी समोर आणला असेल तर त्याचं क्लिपमधलं वागणं, ओरडणं हे आपल्या कृतीला दिलेलं उत्तर असतं. ते लिहिलं नाही तर कोणीतरी त्याला नैसर्गिक वर्तन समजून मोजेल.

यूट्यूबवर टाकताना शीर्षकात शंभर अक्षरंच मावतात. तेव्हा शीर्षकात मराठी नाव, शास्त्रीय नाव, ढोबळ ठिकाण आणि महिना-वर्ष, बाकी सगळं वर्णनात. तिथे चित्रणाच्या तारखेसाठी वेगळा रकाना असतो, तो भरावा. एरवी प्रेक्षकाला फक्त अपलोडची तारीख दिसते. फेब्रुवारीतली क्लिप जुलैत टाकली तर लोक पावसाळ्यातली समजतात.

एकाच व्हिडिओत अनेक दिवसांच्या क्लिप जोडलेल्या असल्या तर एक चिठ्ठी पुरत नाही. कोणत्या मिनिटाला कोणती क्लिप सुरू होते आणि तिची तारीख-जागा काय, हे वर्णनात ओळीने द्यावं लागतं. गती कमी केली असेल तर तसं लिहावं, नाहीतर पंखांच्या फडफडीचा वेग चुकीचा मोजला जाईल. पक्षी मेळघाटातला आणि हाक दुसऱ्याच जंगलातली जोडलेली, असे व्हिडिओ बरेच आहेत. घुबडांची ओळख आवाजावर फार अवलंबून असते, त्यामुळे जोडलेला आवाज सांगितल्याशिवाय ठेवणं मला तरी मान्य नाही. संगीत, नावाची पाटी, रंग उजळवलेली प्रत प्रेक्षकांसाठी असू दे. कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले संग्रहात ई-बर्डच्या यादीबरोबर द्यायची क्लिप मात्र संगीत आणि पाट्यांशिवायची, मूळ आवाजासकट असावी, आणि यादीत त्या सकाळी दिसलेले इतर पक्षी, निरीक्षणाची सुरुवात आणि एकूण मिनिटंही भरलेली असावीत.